१२८ जीबीचे दोन कार्ड: फोटोत फरक कुठं दिसतो

वणीच्या आठवडी बाजारातलं एक मायक्रो एसडी कार्ड आणि तालुक्याच्या दुकानातलं बिलासकट घेतलेलं दुसरं. दोघांवरही १२८ जीबी छापलंय. फोटोवरून नकली कोणतं ते कसं ओळखायचं, ते पाहू.

आधी आकड्याजवळचा लोगो पाहा. दुकानातल्या कार्डावर ‘एक्ससी’ आहे, बाजारातल्यावर ‘एचसी’. एचसी प्रकार ३२ जीबीपर्यंतच असतो, त्यापुढं २ टीबीपर्यंत एक्ससी. म्हणजे १२८ सोबत एचसी छापलं असेल तर ते लेबलच खोटं. माझ्या मते फोटोतला सगळ्यात पक्का पुरावा हाच.

छपाईचा पुरावा कच्चा आहे. बाजारातल्या कार्डावर अक्षरांच्या कडा फुटलेल्या, रंग रेषेबाहेर गेलेला; दुसऱ्यावर बारीक अक्षरंही स्वच्छ. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो अन् चांगली छपाईही फुटकी दिसते. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, मागची बाजूही मागवा. पेन ड्राइव्हवर तर एचसी-एक्ससी नसतंच. तिथं जोडाची फट अन् पुसट आकडा एवढंच पाहता येतं.

खोटं लेबल पकडता येतं, पण हुबेहूब छापलेलं फोटोत सुटतं. कार्डाच्या आतली कंट्रोलर चिप फोनला १२८ सांगते, खरी जागा मात्र ८ जीबीही असू शकते. ती भरली की पुढचं लग्नाचं शूटिंग सेव्ह झालं असं दिसतं, उघडत मात्र नाही. त्यामुळं संशय असलेलं कार्ड रिकामं करून विंडोज कॉम्प्युटरवर H2testw या प्रोग्रामनं पूर्ण भरून तपासा. बाजारातलं कार्ड मी तरी घेणार नाही.