कॅप्स की रुमॅटॉइड आर्थ्रायटिस: दाह एकच, उगम दोन

ताप, सांधेदुखी, अंगावर चट्टे आणि रक्तातील दाहाचे माप सांगणारा सीआरपी वाढलेला, एवढ्यावरून आजार ऑटोइन्फ्लमेटरी आहे की ऑटोइम्यून, हे ठरत नाही; मात्र औषधाची निवड नेमकी याच उत्तरावर अवलंबून असते.

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या ऑटोइम्यून आजारात चूक ओळखण्यात होते. प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशी स्वतःच्याच प्रथिनांना परके समजतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे अनेक रुग्णांच्या रक्तात आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडे सापडतात. कॅप्स या जनुकीय ऑटोइन्फ्लमेटरी आजारात अशी ओळखीची चूक नसतेच. तेथे बिघाड जन्मजात प्रतिकारशक्तीत, एनएलआरपी३ नावाच्या प्रथिनात असतो. एरवी जंतू किंवा पेशीची इजा जाणवल्यावरच हे प्रथिन इतर प्रथिनांशी जुळून इन्फ्लमासोम बांधते. तो कॅस्पेज-१ या विकराला जागे करतो आणि हे विकर दाह पेटवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटाच्या अपक्व रूपाला कापून कार्यक्षम बनवते. जनुकातील बदलामुळे ही जुळणी क्षुल्लक कारणाने, कधी नुसत्या थंडीनेही, सुरू होते.

समजा, चार वर्षांच्या मुलीला तान्हेपणापासून पित्तासारखे चट्टे उठतात, अँटिहिस्टामिनने ते जात नाहीत, मधूनमधून ताप येतो, डोळे लाल होतात आणि आता ऐकूही कमी येऊ लागले आहे. सीआरपी सतत वाढलेला आहे, पण आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह आहेत. केवळ या निगेटिव्ह चाचण्यांनी कॅप्स सिद्ध होत नाही, कारण रुमॅटॉइडच्या काही रुग्णांतही त्या तशाच येतात. माझ्या मते येथे खरे वजन लहानपणापासूनच्या चट्ट्यांना आणि घटलेल्या श्रवणशक्तीला द्यावे. त्वचेच्या बायोप्सीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दिसल्यास संशय बळावतो. त्यानंतर जनुकीय चाचणी करावी. पण बदल शरीरातील थोड्याच पेशींत असेल, तर नेहमीची चाचणी तो चुकवू शकते.

औषधाच्या बाबतीत फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. इंटरल्यूकिन-१ रोखणारे अनाकिन्रा अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाले ते रुमॅटॉइडसाठीच, परंतु तेथे त्याचा परिणाम टीएनएफ हे दाहाचे दुसरे प्रथिन रोखणाऱ्या औषधांपेक्षा फिका ठरला, कारण त्या आजारात इंटरल्यूकिन-१ हा अनेक दुव्यांपैकी एक आहे. रुमॅटॉइडच्या उपचाराची सुरुवात सहसा मेथोट्रेक्सेटने करतात. कॅप्समध्ये मात्र तोच मुख्य दुवा असल्याने अनाकिन्राने ताप आणि चट्टे बहुधा काही दिवसांतच, कित्येकदा काही तासांतच ओसरतात. त्याचे इंजेक्शन रोज घ्यावे लागते आणि टोचलेल्या जागी आग होते. इंटरल्यूकिन-१ बीटाच रोखणारे कॅनाकिनुमॅब साधारण आठ आठवड्यांनी एकदा पुरते. दोन्ही औषधे आजार आटोक्यात ठेवतात, जनुक दुरुस्त करत नाहीत.

कोणतेही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी व्हायलाच हवी, आपल्याकडे तर विशेषच. आणि कॅप्सचा संशय असेल, तर लघवीतील प्रथिनही पाहावे: वर्षानुवर्षे धुमसणाऱ्या दाहामुळे मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचे प्रथिन साचू शकते, आणि साचल्यावर ते सहजासहजी निघत नाही.