अवयववार तक्ता, पंच्याऐंशी टक्के आणि तहसील कार्यालयात उघड झालेले खोटे प्रमाणपत्र

दिव्यांगत्व प्रमाणपत्राची फाईल "तयार करून देणारे" काही लोक ठाण्यात रुग्णांच्या नातेवाइकांना गाठतात. रुग्णाच्या आजारांची शरीराच्या संस्थांनुसार मांडणी करून ते एक नीटनेटका तक्ता हातात ठेवतात आणि त्याच्या तळाशी घसघशीत टक्केवारी लिहून पैसे घेतात. आमच्या घरी हा प्रकार माझ्या वडिलांच्या बाबतीत घडला. त्या तक्त्यात नेमके काय खोटे होते आणि खरी मांडणी कशी असते, हे समजायला आम्हाला बराच काळ लागला. असा तक्ता हाती आलेल्या प्रत्येकाला तो स्वतः तपासून पाहता यावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात यंत्रचालक होते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू कमजोर झाली. ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. मात्र उजव्या हाताने घास तोंडापर्यंत नेता येत नाही, सदऱ्याची बटणे लागत नाहीत. त्याशिवाय बोलण्यावरही परिणाम झाला आहे. समोरच्याचे बहुतेक सगळे त्यांना कळते, पण हवा तो शब्द सापडत नाही. चष्मा हवा असताना ते "किल्ली" म्हणतात, आणि आपण चुकीचा शब्द बोललो हे लक्षात आल्यावर डोळे मिटून घेतात. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब जुनाच आहे, आणि काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला आहे. उत्पन्न थांबल्यामुळे संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करायचे ठरले, आणि त्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र आवश्यक होते.

सरकारी रुग्णालयाच्या आवारात एका गृहस्थाने आईला गाठले. "ताई, वैद्यकीय मंडळासमोर नुसते कागद घेऊन गेलात तर पस्तीस टक्के लिहून परत पाठवतील. मी सगळे आजार अवयववार लावून देतो, ऐंशीच्या वर जाईल, निळे कार्ड मिळेल," असे तो म्हणाला. निळे कार्ड म्हणजे जास्त टक्केवारीच्या दिव्यांगांना मिळणारे सरकारी ओळखपत्र. त्याने अठरा हजार रुपये दोन हप्त्यांत घेतले. एम.आर.आय.च्या फिल्म आणि रुग्णालयातून सुटी होताना मिळालेला मूळ सारांश "झेरॉक्स काढून देतो" म्हणून नेला, आणि वडिलांच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही मागून घेतला. काही आठवड्यांनी त्याने दोन कागद आणून दिले. एक होता छापील तक्ता आणि दुसरे गोल शिक्का असलेले, हाताने भरलेले प्रमाणपत्र.

तक्त्यात चार ओळी होत्या. मेंदू व मज्जासंस्था, पक्षाघात, ५० टक्के. हृदय व रक्ताभिसरण, स्टेंट, १५ टक्के. अंतःस्रावी ग्रंथी, मधुमेह, १० टक्के. रक्तदाब, १० टक्के. एकूण ८५ टक्के. पाहणाऱ्याला यात काहीच खटकणार नाही, कारण नोंदवलेला प्रत्येक आजार खरोखरच वडिलांना आहे. खोटेपणा आजारांत नसून मांडणीत होता.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत एकवीस प्रकार दिलेले आहेत, आणि प्रमाणपत्र त्या प्रकारांचेच मिळते. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे त्या यादीत नाहीत. ते कितीही गंभीर असले, तरी केवळ त्यांच्या नावावर एकही टक्का मिळत नाही. मधुमेहामुळे दृष्टी गेली किंवा पाय कापावा लागला, तर त्या दृष्टीचे किंवा त्या पायाचे मूल्यमापन होते, मधुमेहाचे नाही. म्हणजे वडिलांच्या तक्त्यातील खालच्या तिन्ही ओळी, पस्तीस टक्क्यांच्या, मुळातच निरर्थक होत्या. कुणाच्या हाती असा तक्ता आला असेल, तर प्रत्येक ओळीपुढे एकवीसपैकी कोणता प्रकार लागू होतो हे आधी विचारावे. उत्तर नसेल तर ती ओळ केवळ आकडा फुगवण्यासाठी घातलेली आहे असे समजावे.

याहून मोठे नुकसान पहिल्या ओळीत दडलेले होते, आणि त्याची मला अजूनही चीड येते. "मेंदू व मज्जासंस्था" या एका शीर्षकाखाली सगळे कोंबल्यामुळे वडिलांच्या बोलण्याचा दोष तक्त्यात दिसतच नव्हता. वैद्यकीय दृष्टीने हात, पाय आणि वाचा यांचे कारण एकच आहे, मेंदूतील एकच इजा. कायद्याच्या अनुसूचीत मात्र हालचालींशी संबंधित दिव्यांगत्व वेगळे आणि वाचा व भाषा दिव्यांगत्व वेगळे आहे, आणि मेंदूच्या इजेमुळे शब्द न सापडण्याचा विकार दुसऱ्या प्रकारात स्पष्टपणे समाविष्ट आहे. ज्या माणसाने आजार वाढवून लिहिण्याचे पैसे घेतले, त्याने वडिलांची जी अडचण खरोखर मोजली जाणार होती तीच गाळली, कारण तिच्यासाठी वाचा उपचार तज्ज्ञांची चाचणी करून घ्यावी लागली असती.

तिसरी गोष्ट बेरजेची. दोन प्रकारचे दिव्यांगत्व असले, तरी टक्केवारी सरळ मिळवली जात नाही. केंद्र शासनाच्या मूल्यमापन मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी सूत्र दिले आहे. मोठी टक्केवारी तशीच ठेवायची, आणि लहान टक्केवारीचा तेवढाच हिस्सा तिच्यात मिळवायचा, जो ९० मधून मोठी टक्केवारी वजा करून, येणाऱ्या आकड्याला ९० ने भागल्यावर मिळतो. वडिलांच्या खऱ्या तपासणीत हालचालींचे ५० आणि वाचेचे २५ टक्के आले. त्यांचे गणित असे झाले: ५० + २५ × (९० − ५०) ÷ ९०, म्हणजे सुमारे ६१. सरळ बेरजेने पंचाहत्तर झाले असते. मोठा आकडा आधीच माणसाच्या बऱ्याचशा क्षमतेचा हिशेब घेतो, म्हणून दुसरा दोष उरलेल्या क्षमतेवरच मोजला जातो. त्यामुळे ज्या कागदावर टक्के एकाखाली एक लिहून किराणा बिलासारखी बेरीज केलेली दिसेल, तो कागद मूल्यमापन जाणणाऱ्या माणसाने केलेला नाही, हे निश्चित.

प्रमाणपत्र खोटे असल्याचे तहसील कार्यालयात उघड झाले. तेथील लिपिक बाईंनी कागद हातात घेताच विचारले, "हे हाताने भरलेले कसे? नोंदणी क्रमांक कुठे आहे?" १ जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रे swavlambancard.gov.in या केंद्रीय पोर्टलवरूनच ऑनलाइन दिली जातात. आमच्या कागदावर खाली बारीक अक्षरांत एक क्रमांक होता, तो तेथे टाकल्यावर काहीच निघाले नाही. वडिलांच्या नावाने पोर्टलवर अर्ज मात्र भरलेला होता, ओटीपी त्यासाठीच घेतला गेला होता. पण तो तपासणीच्या टप्प्यावर तसाच पडून होता. बाईंनी आईला बाजूला घेऊन सांगितले, "मावशी, हे दाखल करू नका. हा कागद घेऊन घरी जा, आणि जी खरी तपासणी बाकी आहे ती करून घ्या." त्यांचे उपकार मोठे आहेत. बेंचमार्क, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखलेला लाभ कपटाने घेतल्यास किंवा घेण्याचा प्रयत्न केल्यास अधिनियमाच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि अर्जावर अंगठा मध्यस्थाचा नसतो, रुग्णाचा असतो.

त्यानंतर महापालिकेच्या रुग्णालयातील एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी आम्हाला मांडणी शिकवली. त्यांचे म्हणणे असे की शरीराच्या संस्थांनुसार कागद लावणे चांगलेच आहे, डॉक्टरांना ते वाचायला सोपे जाते. पण प्रत्येक संस्थेपुढे आजाराचे नाव लिहून थांबू नये, त्या संस्थेमुळे आज कोणते काम होत नाही ते लिहावे, आणि टक्के मुळीच लिहू नयेत, कारण तो अधिकार तपासणाऱ्या वैद्यकीय प्राधिकरणाचा आहे. त्याप्रमाणे उजव्या हाताच्या पानावर आम्ही लिहिले की घास तोंडापर्यंत जात नाही, पाण्याचा पेला धरता येत नाही, बटण, नाडी आणि कंगवा डाव्या हाताने किंवा दुसऱ्याच्या मदतीने, सही करता येत नाही. पायाच्या पानावर लिहिले की सपाट जमिनीवर काठीने चालता येते, जिना कठडा धरून एकेक पायरी, मांडी घालून किंवा उकिडवे बसता येत नाही, एकट्या उजव्या पायावर उभे राहता येत नाही. ही उदाहरणे ताईंनी उगाच निवडली नव्हती. हातापायांच्या मूल्यमापनात अशीच रोजची कामे तपासली जातात, आणि मंडळासमोर वडिलांना जवळपास हेच करून दाखवायला सांगितले गेले. वाचेचे पान स्वतंत्र ठेवले आणि त्याला वाचा उपचार तज्ज्ञांचा अहवाल जोडला. हृदय, मधुमेह आणि रक्तदाब यांची नोंद शेवटच्या पानावर, केवळ पूर्वेतिहास म्हणून राहिली.

मूळ सारांश हाती नसल्याने पक्षाघातावर उपचार केलेल्या रुग्णालयाच्या अभिलेख विभागातून अर्ज देऊन त्याची प्रत काढावी लागली, एम.आर.आय.चा अहवाल तपासणी केंद्राच्या संगणकावर मिळाला. तपासणीनंतर पोर्टलवरूनच ६१ टक्क्यांचे प्रमाणपत्र निघाले. येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण त्या गृहस्थाचा सगळा धंदा तिच्यावर उभा आहे: आम्हाला ज्या योजनेसाठी अर्ज करायचा होता, तिला किमान ४० टक्केच लागतात. ऐंशी टक्क्यांची अट केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला आहे, आणि निळे कार्डही तेवढ्याच टक्क्यांपासून मिळते. वडिलांना त्या मोठ्या आकड्याची गरजच नव्हती. त्यांच्या खऱ्या दोषांवर, काहीही न वाढवता, ते पात्र ठरत होते. पोर्टलवर अर्ज भरण्यासाठी शुल्कही नाही. पहिला टक्केवारीचा निर्णय कुणाला कमी वाटला, तर कायद्यात अपिलाची सोय आहे, तीही मध्यस्थाशिवाय.

आम्ही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली असून तक्ता, खोटे प्रमाणपत्र आणि पैसे पाठवल्याच्या मोबाइल नोंदी तिला जोडल्या आहेत. मूळ खोटे प्रमाणपत्र जमा करून त्याची पोच घेतली, जेणेकरून पुढे ते आमच्या नावावर कुठे वापरले गेल्यास खुलासा करता येईल. पैसे परत आलेले नाहीत. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बँकेचा तपशील त्याच्याकडे गेला होता, म्हणून बँकेत कळवून खात्यावरील व्यवहारांच्या सूचना सुरू केल्या आणि पोर्टलवरील वडिलांच्या अर्जातला संपर्क क्रमांक व पत्ता तपासून घेतला. ज्यांनी अशाच कुणाला ओटीपी दिला असेल, त्यांनी प्रमाणपत्राची वाट न पाहता आपल्या नावाच्या अर्जात कोणता मोबाइल क्रमांक लिहिलेला आहे, हे आजच पाहून घ्यावे.