इंट्राडे की डिलिव्हरी : एका व्यवहाराचा खर्च आणि वर्षभराचा हिशेब

डीमॅट खाते उघडल्यावर पहिल्याच ऑर्डरच्या वेळी नव्या माणसासमोर दोन पर्याय येतात. शेअर त्याच दिवशी विकायचे ठरवून इंट्राडेमध्ये घ्यायचे, की पूर्ण पैसे भरून डिलिव्हरीत घ्यायचे आणि दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी आपल्या डीमॅट खात्यात जमा होऊ द्यायचे? हा निर्णय घेताना बहुतेक जण प्रत्येक व्यवहारावर लागणाऱ्या शुल्कांची तुलना करतात, आणि ती तुलना त्यांना चुकीच्या निष्कर्षाकडे नेते. एका व्यवहारापुरते पाहिले तर इंट्राडे खरोखरच स्वस्त आहे. वर्षाचा हिशेब मांडला की मात्र चित्र उलटे होते.

एक उदाहरण घेऊन हे पाहू. शेअरचा भाव ५०० रुपये आहे आणि आपण १०० शेअर घेऊन जवळपास त्याच भावाला विकतो, म्हणजे एका बाजूची उलाढाल ५०,००० रुपयांची आहे. दलाल कमी शुल्काचा आहे असे धरू. तो इंट्राडेच्या प्रत्येक ऑर्डरवर ०.०३ टक्के किंवा २० रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम घेतो आणि डिलिव्हरीवर दलाली घेत नाही. सगळेच दलाल डिलिव्हरी मोफत देत नाहीत, त्यामुळे आपल्या दलालाचे दरपत्रक पाहून पहिली ओळ बदलून घ्यावी.

| खर्चाची बाब | इंट्राडे (रु.) | डिलिव्हरी (रु.) |
|---|---|---|
| दलाली, दोन्ही बाजू | ३०.०० | ० |
| एसटीटी | १२.५० | १००.०० |
| एक्स्चेंज व सेबी शुल्क | ३.०० | ३.०० |
| मुद्रांक शुल्क | १.५० | ७.५० |
| विक्रीवेळी डीमॅट खात्यातून शेअर काढण्याचे डीपी शुल्क (अंदाजे) | ० | १६.०० |
| जीएसटी | ६.०० | ३.५० |
| एकूण | ५३.०० | १३०.०० |

डिलिव्हरीचा आकडा मोठा दिसतो याचे मुख्य कारण एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर, हे आहे. डिलिव्हरीत हा कर खरेदी आणि विक्री या दोन्ही वेळी ०.१ टक्का लागतो, तर इंट्राडेत फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के लागतो. मुद्रांक शुल्कही डिलिव्हरीत पाचपट आहे. इथपर्यंतचे सगळे इंट्राडेच्या बाजूने जाते.

परंतु या तक्त्यात न दिसणारा एक खर्च आहे आणि तो कोणत्याही कॉन्ट्रॅक्ट नोटवर, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या व्यवहाराच्या पावतीवर, छापला जात नाही. कोणत्याही क्षणी घेणाऱ्याचा भाव आणि विकणाऱ्याचा भाव यांत थोडे अंतर असते, आणि घाईने मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकणारा हे अंतर स्वतःच्या खिशातून भरतो. ५०० रुपयांच्या, भरपूर उलाढाल असलेल्या शेअरमध्ये भाव पाच-पाच पैशांनी हलतो. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा ठरलेल्या भावावर थांबवणारी ऑर्डर, लागताना किंवा सकाळी सव्वानऊच्या सुमारास भाव धावत असताना हव्या त्या भावापेक्षा दहा पैसे वर-खाली व्यवहार होणे अगदी सामान्य आहे. येताना दहा आणि जाताना दहा पैसे धरले तरी १०० शेअरवर २० रुपये गेले. म्हणजे इंट्राडेतील खरेदी-विक्रीच्या एका फेरीचा खरा खर्च ५३ नव्हे, तर ७३ रुपयांच्या आसपास येतो.

आता रोज एकच फेरी करणारा, म्हणजे या क्षेत्रात बराच संयमी म्हणावा असा माणूस घेऊ. महिन्याला साधारण २० सत्रे धरली तर त्याचा खर्च १,४६० रुपये आणि वर्षाचा १७,५२० रुपये होतो. ५०,००० रुपयांच्या भांडवलावर हे ३५ टक्के आहेत. वर्षात ३५ टक्के कमावल्यावर तो जिथे सुरुवात केली तिथे पोहोचतो आणि त्यानंतरचा रुपया त्याचा स्वतःचा होतो. तेच ५०,००० रुपये डिलिव्हरीत गुंतवून दोन वर्षांनी विकणाऱ्याचा खर्च भावातील अंतर धरूनही दीडशे रुपयांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सुमारे ०.१५ टक्के होतो. इंट्राडेत दर स्वस्त आहे, पण तो दर शेकडो वेळा भरावा लागतो, आणि तोट्याचे मूळ इथे आहे.

यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, इंट्राडेत दलाल मार्जिनवर, म्हणजे आपल्या पैशांच्या पाचपट रकमेचा, व्यवहार करू देतो, त्यामुळे कमाईही मोठी होते. सप्टेंबर २०२१ पासून पीक मार्जिनचे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर रोखीच्या बाजारात व्यवहाराच्या किमान २० टक्के रक्कम स्वतःची आगाऊ ठेवावी लागते, म्हणून पाचपट ही आता कमाल मर्यादा आहे. ५०,००० रुपयांवर अडीच लाखांचे, म्हणजे ५०० शेअर घेतले, तर दलाली २० रुपयांवर थांबते आणि एकूण शुल्के साधारण १३५ रुपये होतात. उलाढालीच्या प्रमाणात खर्च जवळजवळ निम्मा झाला, हे खरे आहे. मात्र हा खर्च अडीच लाखांतून जात नाही, आपल्या ५०,००० मधून जातो. भावातील अंतराचे १०० रुपये मिळवले तर फेरीला २३५ रुपये लागतात. रोज एक फेरी धरली तर वर्षाचे ५६,४०० रुपये होतात, म्हणजे संपूर्ण भांडवलापेक्षा अधिक. शिवाय शेअर एक टक्का विरुद्ध गेला की स्वतःचे पाच टक्के भांडवल त्या दिवशी संपते. मार्जिनमुळे आपला अंदाज बरोबर येण्याचे प्रमाण वाढत नाही. खर्च आणि तोटा मात्र निश्चितपणे मोठे होतात.

मग अंदाज किती वेळा बरोबर यायला हवा? १०० शेअरच्या उदाहरणात चार रुपये नफ्याचे लक्ष्य आणि चार रुपयांचा स्टॉपलॉस ठेवला, तर जिंकलेल्या फेरीत खर्च वजा जाता ३२७ रुपये हाती येतात आणि हरलेल्या फेरीत ४७३ रुपये जातात. केवळ बरोबरीत राहण्यासाठी शंभरातील ५९ हून अधिक फेऱ्या जिंकाव्या लागतात. लक्ष्य आणि स्टॉपलॉस दोन-दोन रुपयांवर आणले, तर हेच प्रमाण ६८ च्या वर जाते. लहान हालचालींवर वारंवार व्यवहार करण्याची पद्धत, जिला बाजारात स्काल्पिंग म्हणतात, नवख्याला सुरक्षित वाटते, कारण प्रत्येक तोटा छोटा दिसतो. प्रत्यक्षात खर्चाचा वाटा तिथेच सर्वांत मोठा असतो. चार रुपयांच्या हालचालीतील ७३ पैसे आणि दोन रुपयांच्या हालचालीतील ७३ पैसे यांचे वजन सारखे नाही.

सेबीने जुलै २०२४ मध्ये रोखीच्या बाजारातील इंट्राडे व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील आकडे या गणिताशी जुळतात. २०२२-२३ या आर्थिक वर्षात इंट्राडे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना निव्वळ तोटा झाला. वर्षात ५०० हून अधिक व्यवहार करणाऱ्यांमध्ये तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ८० टक्के होते आणि तीस वर्षांखालील तरुणांमध्ये ७६ टक्के. मला सर्वांत बोलका वाटतो तो खर्चाविषयीचा निष्कर्ष : तोट्यातील लोकांनी आपल्या व्यवहारातील तोट्याच्या ५७ टक्के इतकी रक्कम वर खर्चापोटी भरली, तर नफ्यातील लोकांचा खर्च त्यांच्या नफ्याच्या १९ टक्के होता. शिवाय तोट्यातील लोकांनी सरासरीने नफ्यातील लोकांपेक्षा अधिक व्यवहार केले होते. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी त्याच दिवशी आणखी फेऱ्या करण्याचा मोह ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना या निष्कर्षाचे आश्चर्य वाटणार नाही.

डिलिव्हरीत वेगळे काय घडते, हेही पाहायला हवे. एका दिवसातील भावाच्या चढउतारात एकाचा नफा हा बहुतांशी दुसऱ्याचा तोटा असतो आणि दोघांकडूनही शुल्क कापले जाते. वर्षे जातात तशी कंपनी माल विकते, नफा कमावते, लाभांश देते, आणि भागधारकाला त्यात वाटा मिळतो. हा वाटा मिळण्यास वेळ लागतो, आणि इंट्राडेवाला तो वेळ स्वतःहून सोडून देतो.

याचा अर्थ डिलिव्हरी सुरक्षित आहे असा नाही. मुंबईच्या दिवाण हाउसिंग फायनान्सचे शेअर ज्यांनी पूर्ण पैसे भरून घेतले होते आणि धीराने धरून ठेवले होते, त्यांच्या हाती २०२१ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया पूर्ण झाल्यावर काहीच उरले नाही. डिलिव्हरीचा धोका कंपनीच्या निवडीत आणि सगळी रक्कम एकाच ठिकाणी अडकवण्यात असतो; त्याला उत्तर ताळेबंद वाचणे आणि पैसे विभागणे हे आहे, आणि त्यासाठी घाई करावी लागत नाही.

या दोन्हींच्या मधली एक वाट आहे आणि ती सर्वांत वाईट आहे. सकाळी मार्जिनवर घेतलेला शेअर दुपारपर्यंत पडतो, दलालाकडून सव्वातीनच्या आसपास सौदा आपोआप बंद होण्याची वेळ जवळ येते, आणि तोटा मान्य करावा लागू नये म्हणून माणूस खात्यात उरलेले पैसे टाकून तो शेअर डिलिव्हरीत बदलून घेतो. ज्या शेअरची कंपनी काय करते हे त्याने पाहिलेलेही नसते, तो आता त्याची दीर्घकालीन गुंतवणूक होऊन बसतो. काही महिन्यांनी होल्डिंगमध्ये असे पाच-सहा शेअर साचलेले दिसले, तर आपण दोन पद्धतींची सरमिसळ करत आहोत हे ओळखावे.

करांचा फरकही निर्णयात धरावा. डिलिव्हरीतील शेअर १२ महिन्यांनंतर विकल्यास वर्षातील सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो आणि त्याहून अधिकच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. आधी विकल्यास २० टक्के. इंट्राडेचा नफा सट्ट्याच्या व्यवसायाचे उत्पन्न मानला जातो आणि आपल्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. नोकरदाराला अनेकदा अनपेक्षित वाटते ती तोट्याची बाजू : इंट्राडेचा तोटा पगारातून किंवा डिलिव्हरीच्या नफ्यातून वजा करता येत नाही, फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून, आणि तोही पुढील चार वर्षांपर्यंतच. डिलिव्हरीतील भांडवली तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो.

हे सगळे वाचूनही ज्याला इंट्राडे करून पाहायचे आहे, त्याने मार्जिन न घेता, बुडाले तरी चालतील इतक्याच पैशांत शंभर फेऱ्या कराव्यात आणि मग दलालाच्या संकेतस्थळावरून नफातोट्याचा अहवाल उतरवून घ्यावा. अनेक अ‍ॅपच्या पडद्यावर दिवसभर दिसणारा हिरवा आकडा शुल्के वजा होण्यापूर्वीचा असतो, म्हणून त्यावर विसंबू नये. अहवालातील शुल्कपूर्व नफ्याला शंभराने भागावे आणि एका फेरीच्या शुल्काशेजारी तो आकडा ठेवावा. शुल्कपूर्व आकडाच उणे असेल, तर दलाल बदलून किंवा दलाली कमी करून काहीही साधणार नाही, कारण दोष अंदाजात आहे. तो शून्याच्या वर असूनही शुल्कापेक्षा कमी असेल, तर अंदाज बरे असून खर्च त्यांना गिळत आहे. अशा वेळी फेऱ्या निम्म्या करून प्रत्येक फेरीत मोठ्या हालचालीची वाट पाहता येते का, हे पुढील शंभर फेऱ्यांत तपासावे. आणि आकडा शुल्काच्या दुपटीहून अधिक असला, तरी तो दोन-तीन मोठ्या दिवसांवर उभा आहे का, हे ते दिवस वगळून पुन्हा भागाकार करून पाहावे.