'खाली पेट' आणि 'पोटाखाली': फोटोवरून हिंदी-मराठी अनुवाद, सात महिन्यांचा अनुभव

"अरे, हे चूर्ण पोटाच्या खाली लावायचं ना? कोमट पाण्यात कालवून?" चवथीच्या आदल्या आठवड्यात आईनं डिचोलीहून फोन करून विचारलं, आणि तिथून हा अनुभव सुरू झाला.

आई एकोणऐंशी वर्षांची. पोर्तुगीज काळात मराठी शाळेत शिकली, रोजचा मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. हिंदीशी तिचा संबंध टीव्हीपुरता. तिच्या नवीन फोनमध्ये फोटो काढून अनुवाद दाखवणारं फुकटचं अ‍ॅप मी तिला सुरू करून दिलं होतं, कारण हल्ली आयुर्वेदिक औषधांच्या डब्यांवर सूचना बहुतेक हिंदीत असतात. माझं म्हापशाला औषधांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसाठी मीही तेच अ‍ॅप तेव्हापासून रोज वापरतोय.

त्या डबीवर असं छापलेलं होतं:

३ से ६ ग्राम चूर्ण खाली
पेट गुनगुने पानी के साथ लें।
दस्त होने पर सेवन बंद करें
तथा चिकित्सक से परामर्श लें।
धूप से बचाएँ।

आणि अ‍ॅपनं फोटोवर चिकटवलेलं मराठी असं:

३ ते ६ ग्रॅम चूर्ण खाली
पोट कोमट पाण्यासोबत घ्या.
दस्त झाल्यास सेवन बंद करा
व चिकित्सकाचा परामर्श घ्या.
धुपापासून दूर ठेवा.

यातला एकही शब्द मराठी वाचणाऱ्याला परका वाटत नाही, आणि नेमकी तिथंच फसगत होते. इंग्रजीवरून मराठी करताना अ‍ॅप चुकलं तर वाक्य वेडंवाकडं दिसतं आणि आपण सावध होतो. हिंदीवरून मराठी करताना चुकलेलं वाक्यही मराठीच दिसतं. 'गुनगुने'चं 'कोमट' त्यानं बरोबर केलं, कारण तसा शब्द मराठीत नाही आणि त्याला बदलणं भागच होतं. 'खाली', 'दस्त', 'परामर्श', 'धूप' हे चारही शब्द मराठीत आहेत, म्हणून ते जसेच्या तसे उचलून ठेवले. या दोन भाषांत शेकडो शब्द सारखेच आहेत आणि ते तसेच ठेवले तर बहुतेक वेळा बरोबर ठरतं. लाखो वाक्यांवर शिकलेल्या यंत्राला ती सवय लागणं समजण्यासारखं आहे.

आईला मी "उपाशीपोटी घ्यायचं" एवढंच सांगितलं. पुढच्या ओळी वाचून दाखवायला सांगितल्या नाहीत, ही माझी चूक. चार दिवसांनी तिला जुलाब सुरू झाले आणि दोन दिवस ती चूर्ण घेतच राहिली. 'दस्त होने पर' म्हणजे 'जुलाब झाल्यास'. आईच्या लेखी दस्त म्हणजे जमिनीच्या खरेदीचा नोंदवलेला कागद. त्या वाक्याचा तिला अर्थच लागेना, तेव्हा कंपनीचं काहीतरी कायदेशीर असेल म्हणून तिनं ते सोडून दिलं. 'चिकित्सकाचा परामर्श'ही तसाच सुटला. मराठीत आपण एखाद्या विषयाचा परामर्श घेतो, म्हणजे आढावा घेतो. हिंदीत परामर्श म्हणजे सल्ला. दिवाळीला घरी गेलो तेव्हा पाहिलं, डबी तिनं देवघराजवळच्या फळीवरून हलवून खिडकीत ठेवली होती. धुपापासून दूर, आणि दुपारचं ऊन थेट अंगावर. हिंदीतली धूप म्हणजे आपलं ऊन. उलट हिंदीतलं ऊन म्हणजे लोकर.

त्यानंतर मी हे अ‍ॅप नीट तपासायला घेतलं.

पहिली गोष्ट ओळींची. अ‍ॅप फोटोवरच अनुवाद चिकटवतं तेव्हा प्रत्येक ओळ आपापल्या जागी बसवायची असते, त्यामुळे ती बऱ्याचदा सुटी धरली जाते. डबी अरुंद असल्यानं 'खाली' एका ओळीच्या शेवटी आणि 'पेट' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला पडला. जोडशब्द तुटला की 'खाली'ला आधार उरत नाही. मी फोटोतला मजकूर निवडून कॉपी केला, लिहायच्या चौकटीत टाकला, मधले ओळींचे खंड काढून सलग वाक्य केलं. लगेच 'रिकाम्या पोटी' आलं. हे एवढं काम तीस-चाळीस सेकंदांचं आहे आणि निम्म्या चुका तिथेच संपतात. आईला मात्र ते जमत नाही. तिला सांगितलंय, फोटो मला पाठव.

दुसरी गोष्ट नुक्त्याची. हिंदीतला हा शब्द मुळात 'ख़ाली' आहे, अरबीतून आलेला, 'ख'खाली टिंब असलेला. आपल्या 'खाली'शी त्याचं काहीच नातं नाही. ते टिंब छापलेलं असतं तर ओळख पटली असती. पण डब्यांवर ते बहुधा छापत नाहीत, आणि छापलं तरी बारीक अक्षरात कॅमेऱ्याला दिसत नाही.

तिसरी गोष्ट भाषा ओळखण्याची. अ‍ॅपमध्ये 'भाषा आपोआप ओळखा' ही सोय आधीपासून चालू असते. मोठ्या परिच्छेदात 'है', 'आहे', 'के', 'च्या' असे शब्द येतात आणि ओळख बरोबर होते. 'खाली पेट', 'धूप से बचाएँ' असल्या दोन-तीन शब्दांच्या ओळीत तसा आधार कमी, लिपी तर एकच. माझ्याकडे दोनदा असं झालं की अ‍ॅपनं हिंदी ओळ मराठीच धरली आणि काही न बदलता परत दिली. तेव्हापासून मूळ भाषा मी हातानं निवडतो.

गोव्यात यात आणखी एक भर आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याप्रमाणे इथली राजभाषा देवनागरीतली कोंकणी, आणि तिच्यातल्या पाट्यांना हे अ‍ॅप मराठी समजतं. दुकानासमोर 'हांगा कोयर उडोवं नाकात' अशी पाटी आहे, म्हणजे इथं कचरा टाकू नका. माझ्याकडे सामान पोचवायला असलेल्या उत्तर प्रदेशच्या मुलानं तिचा फोटो काढला, तर हिंदीत नाकाबद्दल काहीतरी आलं. कोंकणीतला नकार मराठीतली सप्तमी होऊन बसला होता. यादीतून कोंकणी हातानं निवडली की हे टळतं.

त्याच मुलाचा किस्सा उलट्या दिशेचा. मी मालाच्या चिठ्ठीवर मराठीत लिहिलं होतं, 'माल तपासून खाली सही करावी'. त्याला मराठी वाचता येत नाही म्हणून त्यानं फोटो काढला. अ‍ॅपनं दिलं, 'माल जाँचकर खाली सही करें'. तो बराच वेळ आला नाही म्हणून मागं जाऊन बघतो, तर त्यानं चारही खोकी उघडून बाटल्या जमिनीवर मांडल्या होत्या आणि चिठ्ठीवरचे आकडे पेनानं दुरुस्त करत होता. माल खाली करना म्हणजे उतरवून रिकामा करणं, सही करना म्हणजे बरोबर करणं. त्यानं सांगितलेलं काम अगदी मन लावून केलं होतं. मला हवं होतं ते 'माल जाँचकर नीचे हस्ताक्षर करें'. आणि ते वाक्य जर परत मराठीत आणलं तर 'हस्ताक्षर' पुन्हा तसंच राहतं, जे मराठीत आपण आधी अक्षराला म्हणतो, मोत्यासारखं हस्ताक्षर वगैरे. म्हणजे एका शब्दाची जागा दुसरा घेतो, दुसऱ्याची तिसरा. ऊन आणि धूप यांचंही तेच. हरकत आणि आपत्ती यांचंही तेच: आपली हरकत ती हिंदीतली आपत्ति, आपली आपत्ती ती हिंदीतली आपदा. अशा साखळीत एक शब्द चुकलेला दिसला की बाकीचेही तपासावे लागतात.

उलटा अनुवाद करून तपासायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. या दोन भाषांत तो कामाचा नाही. 'दस्त'चं 'दस्त' झालं तर परत येतानाही 'दस्त'च येणार, आणि आपल्याला वाटणार सगळं जुळलं.

त्याऐवजी मी तोच मजकूर इंग्रजीत करून बघतो. इंग्रजीत 'दस्त' किंवा 'खाली' तसंच ठेवायला वाव नाही, यंत्राला अर्थ ठरवावाच लागतो. त्या डबीवरच्या सलग वाक्याचं इंग्रजी केलं तर 'डायरिया' आलं, 'सनलाइट' आलं, 'डॉक्टर'चा सल्ला आला. मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून ज्या शब्दाचा मेळ बसत नाही, तोच शब्द हातानं बदलायचा. सात महिन्यांत मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती ही. तिच्या मर्यादा मात्र आहेत. कॅमेऱ्यानं अक्षरच चुकीचं वाचलं असेल तर इंग्रजीही त्याच चुकीचं होतं.

त्यात आकडे सर्वांत वाईट. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ यांचा आकार जवळजवळ एकच. चकाकत्या, गोल डबीवर '१ चम्मच'चा नऊ झालेला मी डोळ्यांनी पाहिलाय. त्यामुळे मात्रा, वेळा आणि मुदतीची तारीख मी कधीच अ‍ॅपवरून घेत नाही. मूळ डबी हातात धरून, गरज पडली तर भिंग घेऊन वाचतो आणि गिऱ्हाइकाच्या पुडीवर स्वतः लिहून देतो.

नेट नसताना चालावं म्हणून दोन्ही भाषा फोनमध्ये उतरवून घेतल्या होत्या. तशा स्थितीत शब्द जसाच्या तसा ठेवण्याची खोड मला जास्त जाणवली, म्हणून नेट असेल तेव्हाच वापरतो.

अ‍ॅप मी काढून टाकलेलं नाही. हिंदीतली लांबलचक माहितीपत्रकं, पथ्यापथ्याचे परिच्छेद ते चांगलं उलगडतं, माझा रोजचा अर्धा तास वाचतो. दुकानातल्या हिंदी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी मराठी सूचना हिंदीत करतानाही वापरतो, फक्त 'जुलाब' हा शब्द आधीच बदलून टाकतो, कारण हिंदीत तो बहुतेक रेचक औषधालाच म्हणतात.

आईनं मात्र स्वतःची सोय स्वतः केली. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, तिच्या ठसठशीत अक्षरात: खाली – रिकामं, दस्त – जुलाब, धूप – ऊन, परामर्श – सल्ला, खून – रक्त, शिक्षा – शिक्षण, चेष्टा – प्रयत्न. प्रत्येक नव्या डबीला एखादी ओळ वाढते. परवा तिचा फोन आला. "खून की जाँच म्हणजे रक्त तपासायचं, ते मी लावलं," म्हणाली, "पण खाली १ आहे की ९ ते तू बघ, फोटो पाठवलाय." फोटो हललेला होता. मी तिला डबी खिडकीपाशी नेऊन परत काढायला सांगितलं.