फेरीनिहाय निकालाचा फोटो तक्त्यात उतरवायचा, तर लेन्स की एक्सेल?

मतमोजणी केंद्रात मोबाईल नेता येत नाही. त्यामुळे आपल्यापर्यंत येतो तो बाहेर लावलेल्या फेरीच्या कागदाचा फोटो, तोही कुणाच्या तरी खांद्यावरून काढलेला. तो आकड्यांसकट शीटमध्ये उतरवायचा, तर माझ्यापुरते दोनच पर्याय उरले: गूगल लेन्समधून मजकूर कॉपी करणे किंवा एक्सेलची 'डेटा फ्रॉम पिक्चर' सोय. टेसरॅक्टही वापरून पाहिलं, पण तक्त्याची उभी रेघ ते कधीकधी १ समजतं. फेरीच्या घाईत तो उद्योग कोण निस्तरणार?

काम नेमकं असायला हवं, हे नेरूळ-बेलापूरकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०२४ च्या विधानसभेत बेलापूरला ९१,८५२ विरुद्ध ९१,४७५ असा निकाल लागला, फरक अवघा ३७७. त्या ९१,४७५ मधला ४ जर १ वाचला गेला, तर शीट ६७७ ची आघाडी दाखवील आणि तुम्ही तीच पुढे पाठवाल.

लेन्सचा मोठा गुण म्हणजे त्याला देवनागरी छान वाचता येतं. उमेदवारांची नावं, 'अपक्ष', शेवटचं 'नोटा', सगळं बऱ्यापैकी शुद्ध येतं. एक्सेलची ती सोय मराठीसाठी नाहीच. नावांच्या जागी ती काहीतरी अगम्य लिहून ठेवते, आणि आकडे देवनागरीत असतील तर तिचा उपयोगच नाही.

तरीही माझं मत एक्सेलकडे झुकलं, त्याला कारण एकच वैताग. फेरीच्या कागदावर नावापुढे तीन रकाने असतात: मागील फेरीअखेर, या फेरीत, एकूण. समजा नवव्या ओळीतल्या अपक्षाला आधी ४१, या फेरीत ४ आणि एकूण ४५ मतं आहेत. तो एकटा ४ फोटोत पुसट असला की लेन्स त्याला सरळ गाळतं. रिकामी जागाही सोडत नाही. मग दहाव्या उमेदवाराची २७ मतं नवव्याच्या पुढे येऊन बसतात, खालचे सगळे एकेक घर वर सरकतात आणि नोटाची ओळ कोरी राहते. आकडा चुकीचा वाचला गेला तर निदान तेवढाच दुरुस्त करता येतो. रकाना सरकला की खालची सगळी यादी पुन्हा लावत बसावी लागते. माझ्या फोनवर हे इतक्या वेळा झालं की मी नाद सोडला. तुमच्याकडे कदाचित बरं चालत असेल.

एक्सेल घरं बऱ्यापैकी जागच्या जागी ठेवतं आणि शंका असलेली घरं आधी रंगवून दाखवतं. नावांचं काय, तर ती मी एकदाच हाताने टाइप करतो. मतपत्रिकेवरचा क्रम शेवटच्या फेरीपर्यंत बदलत नाही, तेव्हा पुढे फक्त आकड्यांचे तीन रकाने कातरून द्यायचे. फोटो पाठवणाऱ्याला मात्र तो व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबला जाऊन ३ आणि ८ एकसारखे दिसू लागतात.

पडताळणी दोन्हीकडे लागतेच. 'मागील अधिक या फेरीत बरोबर एकूण' एवढं पाहून मात्र थांबू नका. कागदाच्या घडीवरची अख्खी ओळ गळाली, तर खालची ओळ तिन्ही आकड्यांसकट वर सरकते. बेरीज जुळते, पण मतं दुसऱ्याच्या नावावर जातात. म्हणून आजचं 'मागील' हे त्याच नावापुढच्या गेल्या फेरीच्या 'एकूण'शी जुळतं का, हेही मी तपासतो. सातव्या फेरीच्या शीटमध्ये मी हे सूत्र टाकतो:

```
=AND(B2+C2=D2, B2=Pheri6!D2)
```

जिथे FALSE दिसेल, तिथे फोटो मोठा करून पाहायचा. एका ओळीत FALSE असेल तर बहुधा अंक चुकलेला असतो. एका ओळीपासून खाली सलग FALSE असतील तर रकाना किंवा ओळ सरकली आहे. क्वचित कागदावरच मागच्या फेरीची दुरुस्ती केलेली असते. तेव्हा आकडा आहे तसा ठेवून शेजारी टीप लिहावी.

पूर्ण कागद मराठी अंकांत असेल, तर मात्र लेन्सला पर्याय नाही. तिथे मी एकेक रकाना वेगळा कातरून कॉपी करतो आणि ओळी मोजतो. वेळ जास्त जातो, पण सरकलेलं लगेच कळतं.

शेवटच्या फेरीची बेरीज जाहीर निकालाशी जुळली नाही, तर लगेच स्कॅनला दोष देऊ नका. टपाली मतं वेगळी मोजतात आणि बऱ्याचदा फेऱ्यांच्या कागदात धरलेली नसतात. त्यांची ओळ स्वतंत्र घालून मग बेरीज करा.