ट्रानेक्झॅमिकचं पाणी: दोन दाढांनंतरचा अनुभव

आबांचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहिली दाढ काढायला दंतवैद्यांनी मंगळवार दिला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी अंगातली घाण कमी झालेली असते, मशीनवर रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपॅरिनही उतरलेलं असतं. टाके घातले, खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज बसवला, घरी ट्रानेक्झॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधाचं पाणी तोंडात धरायला सांगितलं. रात्री थुंकी जवळपास स्वच्छ होती, तेव्हाच या औषधाला पैकीच्या पैकी देऊन टाकणार होतो.

बुधवारी ‘हेपॅरिन नको’ ही दंतवैद्यांची चिठ्ठी फाइलच्या वरच लावून दिली. युनिटमध्ये ती कुणी वाचलीच नाही, नेहमीचा डोस गेला. घरी येईपर्यंत रुमाल लाल आणि जिभेखाली काळपट, लिबलिबीत गुठळी. जाब विचारला तर टेक्निशियन म्हणतो, “दादा, प्लेटलेट दोन लाख आहेत, घाबरू नका.” संताप याचाच येतो! किडनीच्या पेशंटमध्ये प्लेटलेटचा आकडा चांगला असला तरी त्या नीट चिकटत नाहीत, हे डायलिसिस युनिटला आम्ही सांगायचं?

म्हणून माझं मत बदललं. औषध चांगलंच आहे, पण पुढच्या डायलिसिसला हेपॅरिन गेलं तर ते एकटं पुरत नाही. दुसरी दाढ आम्ही शनिवारी काढून घेतली. तोही डायलिसिसनंतरचाच दिवस, पण पुढचं डायलिसिस थेट सोमवारी, म्हणजे गुठळी धरायला एक दिवस जास्त. सोमवारी नेफ्रॉलॉजिस्टनी स्वतः हेपॅरिनशिवाय लावायला सांगितलं, नर्सताई मधूनमधून सलाइन सोडत राहिल्या. त्यात फिल्टरमध्ये रक्त गोठायची भीती असते, त्यामुळे हा निर्णय त्यांचाच. रक्त आलं नाही. अडचण एकच, रविवारी काही झालं तर दवाखाना बंद. दंतवैद्यांचा मोबाइल नंबर आधीच घेऊन ठेवला होता.

पाणी बनवायची पद्धत त्यांनीच दाखवली: ५०० मिलिग्रॅमचं ५ मिलीचं अँप्युल, त्यात तेवढंच उकळून गार केलेलं पाणी. दोन मिनिटं दाढेच्या बाजूला नुसतं धरायचं, दिवसातून चारदा. खळखळून चूळ भरली की गुठळीच निघते. गिळायचं तर अजिबात नाही, कारण हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं आणि इथे ते अंगात साठतं. तयार माउथवॉश शोधत पैसे घालवू नका, अँप्युल स्वस्त पडतं.

अमॉक्सिसिलिन ५०० पहिल्या चिठ्ठीवर दिवसातून तीनदा होतं. नेफ्रॉलॉजिस्टनी ते चोवीस तासांतून एकदा केलं आणि डायलिसिसच्या दिवशी मशीनवरून उतरल्यावर द्यायला सांगितलं, आधी दिलं तर धुऊन जातं. दुखण्यावर फक्त पॅरासिटामॉल. केमिस्टने डायक्लोफिनॅकची जोडगोळी पुढे केली होती, ती तिथेच परत केली.