सात महिने ग्लूट्सचा प्रोग्रॅम: हिप थ्रस्ट नीट जमेपर्यंत आणि जमल्यावर

मी राजारामपुरीत राहते, काम दिवसभर खुर्चीतलं. जोतिबाच्या पायऱ्या चढताना सगळा भार गुडघ्यांवर यायचा आणि जीन्स मागे सैल पडायची. म्हणून जिमच्या ताईंकडून ग्लूट्सचा, म्हणजे नितंबांच्या स्नायूंचा, आठवड्याला दोन दिवसांचा प्रोग्रॅम घेतला. सोमवारी हिप थ्रस्टचे, म्हणजे पाठ बाकाला टेकवून ओटीपोटाखाली ठेवलेला बार नितंबांच्या जोरावर वर ढकलण्याचे, चार सेट आणि एक पाय पुढे ठेवून करायच्या स्प्लिट स्क्वॉटचे तीन, गुरुवारी रोमानियन डेडलिफ्टचे तीन आणि थोड्या कमी वजनावर पुन्हा हिप थ्रस्टचे तीन. प्रत्येक सेटला आठ ते बारा रेप्स. सगळ्या सेटमध्ये बारा झाले की पुढच्या वेळी अडीच ते पाच किलो वाढवायचे.

पहिले दोन महिने मी चुकीच्या पद्धतीने करत होते. बार ६० किलोपर्यंत गेला, पण दुसऱ्या दिवशी दुखायची ती कंबर, नितंबांना काहीच जाणवायचं नाही. ताईंनी बाजूने व्हिडिओ काढला, तेव्हा कळलं. वर आल्यावर माझी मान मागे पडत होती, बरगड्या फुलत होत्या आणि शेवटची चार बोटं उंची कंबर वाकवून येत होती. म्हणजे खुब्याचा सांधा उघडतच नव्हता, मणका मागे वाकत होता.

वजन ४० वर आणलं. हनुवटी छातीकडे, नजर समोरच्या भिंतीवर, बरगड्या खाली, वर एक सेकंद थांबायचं. पावलं अशी ठेवायची की वर असताना नडगी सरळ उभी राहील. पावलं फार पुढे गेली की मांडीच्या मागे गोळा येतो, फार जवळ घेतली की मांडीची पुढची बाजू जळते. आपली जागा त्यावरूनच कळते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा नितंब दुखले आणि मला फार आनंद झाला.

डेडलिफ्टमध्ये गुडघे किंचित वाकवून नितंब मागे ढकलायचे आणि बार मांडीला घासत खाली न्यायचा. नितंब मागे जाणं थांबलं की तिथेच थांबायचं, त्याच्या खाली नेलं तर पाठ गोल होते. हिप थ्रस्टमध्ये सर्वांत जास्त ताण वरच्या टोकाला येतो, इथे तो स्नायू ताणलेला असताना येतो, म्हणून मला दोन्ही लागतात.

आज हिप थ्रस्ट ८५ किलो, आठ रेप्स. माझं वजन ५६ वरून ५९ किलो, नितंबांचा घेर ९३ वरून ९७ सेंटिमीटर, कंबर एकाने वाढली. पहिले तीन महिने टेप हललाच नव्हता. मी जेवण कमी ठेवलं होतं. मग रोज दोन अंडी, दूध आणि दुपारी जास्तीची उसळ-भाकरी सुरू केली, तेव्हा फरक पडला.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. नितंबाच्या बाजूची खोलगट जागा तशीच आहे. ती मुख्यतः हाडांच्या ठेवणीमुळे असते, व्यायामाने पूर्ण भरत नाही. मागचा भाग मात्र भरला. जोतिबाला परवा गेले, तेव्हा वर पोहोचेपर्यंत गुडघ्यांची आठवणही झाली नाही.